रात्री उशिरा हॉस्पिटलमधून निघताना: घोडबंदर रोड ते डोंबिवली, सुखरूप घरी कसं पोचायचं

बाबा ठाण्यात घोडबंदर रोडवर, मानपाड्याच्या एका हॉस्पिटलमध्ये एकोणीस दिवस होते. दिवसा मी बसायचे, रात्री दादा. त्याची सेकंड शिफ्ट सुटून तो साडेदहाला पोचायचा. तोवर भेटायची वेळ संपून तीन तास झालेले असायचे, आणि मग मी डोंबिवलीला निघायचे. पहिल्या चार रात्रींत जेवढ्या चुका करता येतील तेवढ्या झाल्या. पाचव्या रात्रीपासून घडी बसली, ती इथे सांगते. पेशंटजवळ बसून रात्री एकट्याने घरी जाणाऱ्या कुणालाही ती वापरता येईल, फक्त स्टेशनांची नावं बदलायची.

निघायची वेळ गाडीवरून उलटी मोजा

संध्याकाळी चहाच्या वेळेलाच एम-इंडिकेटर अ‍ॅप उघडून आपल्या स्टेशनला थांबणाऱ्या शेवटच्या तीन गाड्या बघून ठेवा. शेवटची गाडी आपली नाही, असंच धरायचं. शेवटून तिसरी आपली. ती चुकली तर मागे दोन असतात. शेवटची चुकली तर पहाटे चार-साडेचारपर्यंत प्लॅटफॉर्मवर बसणं आलं. शनिवारी रात्री जास्त जपा, कारण रात्रीचा ब्लॉक असला की शेवटच्या गाड्याच रद्द होतात. नवी मुंबईकडे जाणाऱ्यांची ट्रान्स-हार्बर मुख्य मार्गाच्या आधीच आटोपते, त्यामुळे त्यांनी आणखी लवकर निघायला हवं.

समजा आपली गाडी ठाण्याहून १२.१० ची आहे. स्टेशनला उतरून सॅटिसखालच्या गर्दीतून वाट काढत, पूल चढून प्लॅटफॉर्मवर यायला दहा मिनिटं. मानपाडा ते स्टेशन रस्ता मोकळा असेल तर पंचवीस मिनिटं, पण पंचेचाळीस धरा. रात्री अवजड वाहनांना वाट मोकळी केली की घोडबंदर रोडवर ट्रक आणि कंटेनरची रांग लागते, आणि माजिवड्यापर्यंत रिक्षा त्यांच्यामागे सरपटत जाते. दिवसाच्या अनुभवावरून रात्रीचा अंदाज बांधला तो इथेच फसतो. रिक्षा मिळायला पंधरा मिनिटं, वॉर्डापासून गेटपर्यंत दहा. सगळे मिळून ऐंशी. म्हणजे १०.५० ला पलंगापासून उठायचं.

उशीर होतो तो बहुतेक वेळा औषधांमुळे. रात्रीच्या सिस्टर ड्यूटीवर आल्या की चिठ्ठी हातात पडते, "हे इंजेक्शन खालून घेऊन या", आणि मेडिकलच्या रांगेत अर्धा तास जातो. म्हणून मी नऊ वाजताच जाऊन विचारायला लागले, "सिस्टर, रात्री काही लागणार आहे का? आत्ताच आणून देते." त्या कधीच रागावल्या नाहीत. उलट दोनदा तर चिठ्ठी तयारच होती.

वाहन पक्कं झाल्याशिवाय गेटबाहेर पडू नका

वॉर्डाचा एकच पास, तो दादाच्या हातात गेला की माझ्याकडे आत परत यायला काहीच उरायचं नाही. रात्री वॉचमन बिनपासाच्या माणसाला आत सोडत नाही, आणि त्याचंही बरोबरच आहे. तिसऱ्या रात्री मी आधी बाहेर पडले, मग फोनवर रिक्षा शोधायला लागले. दोन चालकांनी "कुठे जायचंय" विचारून ट्रिप रद्द केली. बॅटरी सहा टक्के. बंद दुकानांपुढे डबा आणि रिपोर्टची पिशवी घेऊन वीस मिनिटं उभी होते. पूर्ण प्रवासात धोक्याची जागा कोणती म्हणाल तर मला ती वीस मिनिटं आठवतात.

त्यामुळे क्रम असा ठेवा. फोन आठ वाजता चार्जिंगला लावायचा. पलंगामागचे सगळे प्लग मशीनला लागलेले असतात, म्हणून सिस्टरना विचारून त्यांच्या टेबलाजवळ. गाडी बुक करायची ती खाली आल्यावर, कारण लिफ्टमध्ये आणि तळघरातल्या मेडिकलजवळ रेंज नसते आणि चालकाचा फोन तिथेच चुकतो. बुक करताना पिन कुठे पडलीय ते नीट बघा. अ‍ॅप आपोआप पिन टाकतं ती ओपीडीच्या मुख्य दारावर, आणि ते दार रात्री कुलूपबंद असतं. उघडी असते फक्त कॅज्युअल्टीची बाजू. चालक मुख्य दाराशी पाच मिनिटं थांबतो, आपण मागच्या दाराशी उभे, आणि ट्रिप रद्द होते. पिन बोटाने सरकवून कॅज्युअल्टीच्या दारावर आणा आणि चालकाला फोन करून सांगा, "अ‍ॅम्ब्युलन्स उभी असते त्या गेटला या." ही खूण कुणालाही लगेच समजते. तो येईपर्यंत कॅज्युअल्टीच्या बाकावर बसा. तिथे दिवे असतात, माणसं असतात, वॉचमन असतो.

अ‍ॅपवर मिळालं नाही तर वॉचमनलाच रिक्षा बघायला सांगा. रात्री पेशंट सोडून परतणाऱ्या रिक्षा त्याच दारातून जातात आणि त्या मोकळ्याच असतात. समोरच्या बाजूला रिक्षा दिसली म्हणून घोडबंदर रोड ओलांडू नका. मेट्रोच्या खांबांआडून कंटेनर कधी आला ते कळतही नाही. आपल्याच बाजूला बसा, रिक्षा पुढून वळून येऊ दे.

बसण्याआधी आणि बसल्यावर

आधी नंबर प्लेट बघा: पिवळी पाटी, काळी अक्षरं, अ‍ॅपवर दिसतोय तोच नंबर. अंधारात मधला आकडा चुकतो, म्हणून शेवटचे चारही आकडे मोठ्याने वाचा. ते ऐकून वॉचमनचंही लक्ष जातं. पाटीचा फोटो काढून तो वॉर्डात बसलेल्याला आणि घरी, असा दोघांना पाठवा. दादा जागाच असायचा, म्हणून पहिला फोटो त्याला.

निरोपात जागेचं पूर्ण नाव लिहा. हे मी ठेच लागून शिकले. मानपाडा ठाण्यातही आहे आणि डोंबिवलीतही आहे, आणि आमचं घर डोंबिवलीच्या मानपाडा रोडला. दुसऱ्या रात्री मी ह्यांना लिहिलं, "मानपाड्याला रिक्षा मिळाली." ह्यांना वाटलं मी घराजवळ आले. ते स्टेशनवरून परत फिरले आणि मी पाऊण तासाने डोंबिवलीला एकटी उतरले. तेव्हापासून "ठाणे मानपाडा" किंवा "डोंबिवली मानपाडा" असंच लिहिते. अ‍ॅपमध्ये पत्ता टाकतानाही हीच चूक होते. भाडं अचानक फार कमी किंवा फार जास्त दिसलं तर पत्ता पुन्हा तपासा.

भाड्याचा हिशोब डोक्यात असला की रात्री घासाघीस करावी लागत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. साडेसहा किलोमीटर पडले तर साधारण ११२ रुपये. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट, म्हणजे १४० च्या आसपास. याहून वीस-तीस रुपये जास्त मागितले तर मी रात्री वाद घालत नसे. दुप्पट मागितले तर बसत नसे. सुटे पैसे वेगळ्या कप्प्यात ठेवा. डिपॉझिटची रक्कम आणि फाईल रात्री सोबत नेऊच नका, दादाजवळ ठेवा.

चालक विचारतोच, "पेशंट कोण आहे? सोबत कुणी नाही?" बहुतेक जण खरोखर काळजीने विचारतात. तरी उत्तर एकच: "मिस्टर स्टेशनवर उभे आहेत." घरी कोण आहे आणि कोण नाही, ते बोलायचं नाही. आणि झोपू नका. चौदा तास खुर्चीवर बसलेल्या माणसाला रिक्षाचा वारा लागला की डोळे मिटतात. मी माजिवड्यापर्यंत आत्याशी फोनवर बोलत असे.

लोकलमध्ये

तिकीट रिक्षात बसल्यावर, स्टेशन यायच्या बरंच आधी फोनवर काढा. रुळांजवळ पोचल्यावर कागदाविना तिकीट निघत नाही. पण वॉर्डात असतानाच, फार आधीही काढू नका, तासाभरात प्रवास सुरू करावा लागतो.

बायकांच्या डब्यात रात्री गणवेशातला पोलीस किंवा होमगार्ड असतो. गाडी थांबल्यावर तो दिसला तरच त्या डब्यात चढा. डबा पूर्ण रिकामा असेल आणि गणवेश दिसत नसेल, तर शेजारच्या जनरल डब्यात जिथे कुटुंब किंवा चार-सहा माणसं बसलीत तिथे बसा. नावावर जाऊ नका, आत कोण आहे ते बघा. काही खटकलं तर रेल्वेचा १३९ आणि पोलिसांचा ११२ हे नंबर आधीच सेव्ह असू द्या.

डोंबिवलीला उतरलात की गर्दीबरोबरच पुलावर चढा. मागे राहून फोन करू नका, तो आधीच्या स्टेशनला करून ठेवा. न्यायला येणारा पुलाच्या पायथ्याशी, तिकीटघराच्या उजेडात उभा असू दे. कुणी येणार नसेल तर स्टँडवरच्या शेअर रिक्षात बसा, पण तुमच्या बिल्डिंगच्या आधी सगळे उतरणार असतील तर घरच्यांना खाली गेटवर यायला सांगा.

वेळ टळून गेली तर

बाबांचा बीपी एका रात्री अकराला घसरला आणि मोकळं व्हायला पावणेएक वाजले. तेव्हा दोनच रस्ते असतात. एक, थेट टॅक्सीने. तसं गेलात तर वाट आधी माहीत असू द्या: कळवा, मुंब्रा बायपास, शिळफाटा, मग कल्याण-शीळ रोडने काटई नाका. बायपास डोंगराच्या कडेने जातो, अंधार असतो आणि ट्रकच ट्रक असतात. चालक तिकडे वळला म्हणून घाबरू नका, रस्ता तोच आहे. शिळफाट्यानंतर काटईकडे न जाता महापेकडे वळला, तर मात्र लगेच विचारा.

दुसरा रस्ता म्हणजे थांबणं, आणि मी त्या रात्री तेच केलं. एका पेशंटमागे एकच माणूस, हा नियम वॉर्डाचा असतो. कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकांना तो सहसा लागू नसतो. मी सिस्टरना सांगितलं, त्यांनी सिक्युरिटी सुपरवायझरला फोन केला, त्याने माझं नाव रजिस्टरमध्ये लिहून घेतलं. पिशवी उशाशी, ओढणी पायांवर, अशी साडेचारपर्यंत पडून राहिले. पहाटे वॉचमनने स्वतःच रिक्षा थांबवली. घरी पोचल्यावर दादाला मेसेज केला, फोन नाही, कारण रिंगने शेजारच्या पलंगावरचे आजोबा जागे होतात. त्याचं उत्तर आलं, "बीपी ११० आहे. झोप आता."