सोलर पंपाच्या ड्राइव्हमध्ये ड्राय-रन लावताना होणाऱ्या चुका

गेल्या उन्हाळ्यात सिन्नर तालुक्यातल्या एका डाळिंबवाल्या दादांचा सकाळी साडेदहाला फोन. "भाऊ, पॅनल झकास चालतायत, ड्राइव्हवर पन्नास दिसतंय, पण पाइपाला पाणी नाही." मी म्हटलं, आधी बंद करा, मग बोलू. तोवर उशीर झाला होता. बोअरवर घोडी लावून मोटार वर काढली, तर पंपाचे बुश घासून शाफ्ट जाम झालेला आणि वायंडिंग काळं पडलेलं. पाच एचपीची सबमर्सिबल, जेमतेम दीड वर्षाची.

पाणी संपलं की पंप थांबवणारं ड्राय-रन संरक्षण ड्राइव्हमध्ये होतं, पण बंद करून ठेवलेलं. पावसाळ्यात ढग आला की पंप ट्रिप व्हायचा म्हणून कुणीतरी येऊन सेटिंग शून्य केलं आणि दादांना सांगितलं, "आता त्रास नाही." असे शहाणे मला दर महिन्याला एक तरी भेटतात. पण खरी चूक त्याच्याही आधी, बसवतानाच झाली होती.

बसवणाऱ्याने हिशोब लाइटवरच्या स्टार्टरसारखा केला. लाइटवर वारंवारता कायम पन्नास, त्यामुळे अँपिअर पडले की पाणी संपलं असं धरता येतं. सोलरवर ऊन कमी झालं की ड्राइव्ह स्वतःच हर्ट्झ खाली आणतो आणि पाणी असतानाही अँपिअर पडतात. त्या बोअरवर मी नंतर नव्या मोटारीचे आकडे टिपून घेतले. पाणी असताना 50 हर्ट्झला 7.7 अँपिअर आणि 4.4 किलोवॅट. 40 हर्ट्झला 6.2 अँपिअर, 2.3 किलोवॅट. 38 ला 5.6 अँपिअर. आणि पाणी नसताना, 50 हर्ट्झला 5 अँपिअर, 1.3 किलोवॅट. आधीच्या माणसाने मर्यादा ठेवली होती 6 अँपिअर. म्हणजे ढग येऊन हर्ट्झ 39 च्या खाली गेले की बोअर भरलेला असूनही ट्रिप.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, पाणी संपलं तरी अँपिअर तिसऱ्या हिश्श्याइतकेच उतरतात, कारण मोटार मोकळी फिरली तरी चुंबकीय करंट खातेच. किलोवॅट मात्र 4.4 वरून 1.3 वर येतात. म्हणून माझी सवय अशी, की ड्राइव्ह आउटपुटचे किलोवॅट दाखवत असेल आणि त्यावर मर्यादा लावू देत असेल, तर अँपिअरकडे बघायचंच नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ढग आल्यावर हर्ट्झही पडतात आणि किलोवॅटही. पाणी संपल्यावर मात्र भार हलका होतो, त्यामुळे तेवढ्याच उन्हात ड्राइव्ह हर्ट्झ वर पळवतो. दादांनी सांगितलेलं "पन्नास दिसतंय" हेच ते. हर्ट्झ जास्त आणि किलोवॅट कमी ही कोरड्या पंपाची खूण. म्हणून ड्राय-रन 45 हर्ट्झच्या वरच चालू होईल असं लावतो. या बोअरला मर्यादा ठेवली 2 किलोवॅट, विलंब 10 सेकंद. त्या पावसाळ्यात ढगामुळे एकदाही ट्रिप झाला नाही. तुमचा आकडा वेगळा येईल. आपल्या पंपाचे आकडे भर दुपारी स्वतः टिपा, माझे उतरवू नका. ड्रिपचे दोन-तीनच व्हॉल्व्ह चालू ठेवणार असाल, तर तेवढेच उघडे ठेवूनही किलोवॅट बघा. व्हॉल्व्ह बंद केले की या पंपांचा भारही उतरतो, आणि मर्यादा जास्त ठेवलीत तर पाणी असून ट्रिप होईल.

45 च्या खालचं काय? तिथे किमान वारंवारता कामाला येते. पंपाचा दाब हर्ट्झच्या वर्गाने कमी होतो, त्यामुळे एका आकड्याखाली पंप नुसता फिरतो, पाणी वर येतच नाही. हिवाळ्यात त्या बोअरला पाणी 36 ला बाहेर पडायचं. एप्रिलमध्ये पातळी खाली गेल्यावर 41 पर्यंत यावं लागलं. किमान हर्ट्झ मी उन्हाळ्याच्या पातळीवर लावतो. मिनिटभर त्याखाली राहिला तर ड्राइव्हने झोपावं. सकाळी पंधरा-वीस मिनिटं उशिरा सुरू होतो म्हणून तक्रार करणारे असतात, त्यांना मी मोटार भरायचं बिल दाखवतो.

"मोटार तर पाण्यात बुडालेलीच असते, मग जळेल कशी?" हाही नेहमीचा प्रश्न. बोअरमध्ये मोटार पंपाच्या खाली असते, खरं आहे. पण पंप पाणी ओढत नसेल तर मोटारीभोवतीचं पाणी जागचं हलत नाही, तापतच राहतं. आणि वरचे पंपाचे बुश पाण्यानेच ओले राहायचे, ते कोरडे घासतात.

शेवटचा घोळ पुन्हा सुरू होण्याच्या वेळेचा. काही ड्राइव्हमध्ये ही वेळ दोन मिनिटं असते. बोअरला दोन मिनिटांत पाणी येत नाही. मग तो दिवसभर चालू-ट्रिप, चालू-ट्रिप करत बसतो आणि संरक्षण असूनही पंप थोडाथोडा मरतो. मी 40 मिनिटांखाली ठेवत नाही. मंद बोअर असेल तर तास.

आता लेव्हल स्विच. टाकी भरली की पंप बंद करायला लोक ड्राइव्ह आणि मोटारीच्या मध्ये कॉन्टॅक्टर टाकतात आणि फ्लोटने तो उडवतात. स्टार्टरची सवय सुटत नाही. चालू ड्राइव्हचं आउटपुट तोडू नका. पॉवर मॉड्यूल गेलेले दोन ड्राइव्ह मी याच कारणाने उघडलेत. फ्लोटची दोन टोकं ड्राइव्हच्या डिजिटल इनपुटला द्या. तो फ्लोटला फक्त कोरडा संपर्क म्हणून बघतो, बाहेरून व्होल्टेज देऊ नका. पाणी कमी असताना संपर्क जोडलेला राहील अशी जोडणी करा, म्हणजे उंदराने वायर कुरतडली तर पंप बंद पडेल, टाकी वाहणार नाही.

शेततळ्यापर्यंत अडीचशे-तीनशे मीटर वायर जाते. ती मोटारीच्या केबलसोबत एकाच चरात टाकलीत तर ड्राइव्हला खोटे सिग्नल मिळतात. वेगळा चर, शिल्ड केलेली वायर, शिल्डचं टोक फक्त ड्राइव्हकडे अर्थ करा. चर खणायचा कंटाळा आला की पुढे तीन चकरा माझ्याकडून होतात.

वायरला लोंबणारा फ्लोट चार इंची पाइपात घालू नका, त्याला उलटायला जागा लागते. तळ्याच्या कागदावर मोकळा सोडलात तर उतारावर अडकतो. मी खांब रोवून फ्लोटला सुमारे एक फूट वायर मोकळी ठेवतो, म्हणजे वाऱ्याच्या लाटेने पंप सारखा चालू-बंद होत नाही.

डीसीकडे साधा एसी एमसीबी लावू नका. ठिणगी विझत नाही, आतून वितळतो.

मोटार नवीन बसवली आणि पाणी कमी वाटलं, तर बोअरला दोष देण्याआधी ड्राइव्ह बंद करून, पाच-दहा मिनिटं थांबून मोटारीच्या कोणत्याही दोन वायर उलटून बघा. उलटी फिरणारी मोटारही पाणी देते, थोडंच. सिन्नरच्या दादांकडे नवी मोटार सोडल्यावर पहिल्याच दिवशी हेच झालं होतं, आणि यावेळी उलटी जोडणी माझ्याच हातची होती.