ओव्हरड्राफ्टचं व्याज रोजच्या बाकीवर लागतं: दुकानदारांनो, या चुका टाळा

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतलं एक किराणा दुकान धरा. बँकेनं पाच लाखांचा ओव्हरड्राफ्ट मंजूर केलाय, दर 11 टक्के. लक्ष्मीपुरीतून माल भरला आणि खात्याला तीन लाख नावे पडले. दुकान बरं चालतं, पण काउंटरवरचा क्यूआर जोडलाय दुसऱ्या बँकेतल्या करंट खात्याला. मशीन तिथूनच मिळालं होतं, म्हणून. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक, आणि स्टेटमेंटमध्ये ती कुठंही लाल अक्षरात दिसत नाही.

ओव्हरड्राफ्टमध्ये व्याज मंजूर मर्यादेवर लागत नाही, वापरलेल्या रकमेवर लागतं. रोज दिवसअखेरीला जेवढी नावे बाकी असेल तेवढ्यावर त्या दिवसाचं व्याज मोजलं जातं आणि महिन्याची बेरीज साधारणपणे महिनाअखेरीला खात्याला नावे टाकली जाते. हिशेब असा:

```
व्याज = रोजच्या नावे बाकीची बेरीज × दर ÷ 36500
```

आता क्यूआरवर रोज 10,000 रुपये येतात असं समजा. 20 दिवसांत दोन लाख जमतात आणि 21 तारखेला त्यातून व्यापाऱ्याचं बिल भागतं. पुढच्या दहा दिवसांची जमा सोपेपणासाठी बाजूला ठेवू. पैसे करंट खात्यात पडून राहिले, तर ओव्हरड्राफ्टची बाकी 30 दिवस तीन लाखच राहते. बेरीज 90 लाख, व्याज 2,712 रुपये. तेच पैसे रोज ओव्हरड्राफ्ट खात्यात आले असते, तर बाकी पहिल्या दिवशी 2,90,000 आणि विसाव्या दिवशी एक लाख झाली असती. 21 तारखेला बिल त्याच खात्यातून दिल्यावर ती पुन्हा तीन लाखांवर गेली असती. बेरीज 69 लाख, व्याज 2,079 रुपये. माल तोच, विक्री तीच, बिलाची तारीखही तीच, तरी फरक 633 रुपयांचा. करंट खात्यावर व्याज मिळत नाही, त्यामुळं त्या बाजूनं भरपाई शून्य.

उपाय एका अर्जाचा आहे: क्यूआरची रक्कम ओव्हरड्राफ्ट खात्यात जमा होईल अशी सोय करून घ्या. ते जमत नसेल तर रोज रात्री दुकान बंद करताना मोबाईलवरून रक्कम वळती करा. पैसे अडकत नाहीत, मर्यादेच्या आत हवे तेव्हा परत काढता येतात.

दुसरा गैरसमज म्हणजे ‘महिनाअखेरीला भरलं की झालं.’ वरच्याच उदाहरणात 29 दिवस तीन लाख बाकी ठेवून 30 तारखेला दोन लाख भरले, तर व्याज 2,652 रुपये येतं. म्हणजे वाचले फक्त 60 रुपये. शेवटच्या दिवसाच्या बाकीला वेगळं महत्त्व नाही, तो तीसपैकी एक दिवस.

गल्ल्यातल्या रोकडीचंही तेच. रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी शाखा बंद असते, म्हणून अशा आठवड्यात शुक्रवारची बाकी तीन दिवस धरली जाते. त्या दिवशी तरी रोकड सोमवारवर ढकलू नका, किंवा जवळच्या कॅश डिपॉझिट मशीनमध्ये भरा. चेकच्या बाबतीत स्लिप भरल्याची तारीख धरू नका. चेक वटून पैसे खात्यात आले की तिथून पुढं बाकी कमी होते.

मर्यादा काठोकाठ वापरणाऱ्यांनी महिनाअखेरीला विशेष सांभाळावं. बाकी 4,98,000 असताना साडेचार हजार व्याज नावे पडलं की खातं 5,02,500 वर जातं. एक चेक न काढता मर्यादा ओलांडली जाते आणि दंड आकार लागू शकतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार हा दंड आता व्याजदरात वाढ करून घेता येत नाही, वेगळा आकार म्हणून दाखवावा लागतो आणि त्याच्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. स्टेटमेंटमध्ये ती नोंद वेगळी दिसते का, ते बघा. शेवटच्या आठवड्यात व्याजापुरती जागा मोकळी ठेवली तर ही वेळच येत नाही.

क्यूआर दुसरीकडं असण्याचा खरा धोका मात्र यापुढं आहे. बाकी सलग 90 दिवस मर्यादेच्या वर राहिली, किंवा 90 दिवस खात्यात काहीच जमा झालं नाही, किंवा जमा झालेली रक्कम त्या काळात लागलेल्या व्याजाइतकीही नसली, तर खातं ‘आउट ऑफ ऑर्डर’ ठरतं आणि एनपीएमध्ये, म्हणजे थकीत कर्जांत जातं. दुकान गर्दीनं भरलेलं असलं तरी बँकेला दिसतं ते फक्त ओव्हरड्राफ्ट खातं, आणि त्यात जमेची ओळच नसते. दरवर्षीच्या नूतनीकरणाला शाखाधिकारी हीच उलाढाल बघतात. म्हणून आज स्टेटमेंट काढा, मागच्या तीन महिन्यांतल्या जमेची बेरीज करा आणि ती व्याजाच्या नोंदींशेजारी मांडून बघा. जमा कमी पडत असेल तर क्यूआरचा अर्ज याच आठवड्यात द्या.