न्यू जर्सीत घर ठरवण्याआधी काउंटी, सिटी आणि टाउनशिपची तयारी

घराच्या जाहिरातीत "Princeton, NJ 08540" असा पत्ता दिसला, तर सही करण्याआधी पहिलं काम म्हणजे ते घर कुणाच्या हद्दीत आहे हे शोधणं. झिप कोड पोस्टाच्या सोयीसाठी असतो. याच 08540 मध्ये वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो आणि साउथ ब्रन्सविक या टाउनशिपचेही, म्हणजे वेगळ्या नगरसंस्थांचेही, काही भाग येतात. प्रिन्स्टनच्या शाळेच्या आशेने जास्त भाडं मोजायचं आणि मूल भलत्याच शाळेत जायचं, असं यामुळेच होतं, कारण सरकारी शाळेतला प्रवेश राहत्या हद्दीवर ठरतो.

हद्द कळायला घरमालकाला सरळ विचारा, "प्रॉपर्टी टॅक्स कुठल्या गावाला भरता?" मग स्वतः अमेरिकन जनगणना खात्याच्या Census Geocoder मध्ये Find Geographies हा पर्याय निवडून पत्ता टाका. Counties या शीर्षकाखाली काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग, दिसेल आणि County Subdivisions खाली तिथली नगरसंस्था, म्हणजे टाउनशिप, सिटी किंवा बरो. ही दोन नावं लिहून ठेवा, पुढची सगळी कामं त्यांवरच चालतात.

टाउनशिप म्हणजे लहान आणि सिटी म्हणजे मोठी, हा समज मात्र इथेच सोडून जा. एडिसन ही टाउनशिप आहे आणि 2020 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या लाखाच्या वर होती. शेजारची न्यू ब्रन्सविक ही सिटी तिच्या जेमतेम निम्मी, तरी मिडलसेक्स काउंटीचं मुख्य ठिकाण तीच. न्यू जर्सीतली सगळी जमीन कुठल्या ना कुठल्या नगरसंस्थेत येते, त्यामुळे पोलीस, बांधकाम परवाना, वाचनालय यांसाठी सहसा तुमच्या टाउनशिपकडेच जायचं. काउंटीकडे काउंटीचे रस्ते, तुरुंग आणि घर घेतलंत तर खरेदीखताची नोंद. (नोकरी टेक्सासात असेल तर हे गणित लागू नाही. तिथे टाउनशिप हा प्रकारच नाही आणि सिटीच्या हद्दीबाहेरची वस्ती थेट काउंटीखाली येते.)

शाळेचं वेगळं तपासा, कारण स्कूल डिस्ट्रिक्ट हा तिसराच कारभार असतो. वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत, प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये, तरी दोघांचा स्कूल डिस्ट्रिक्ट एकच आहे. डिस्ट्रिक्टच्या प्रवेश विभागाला पूर्ण पत्ता कळवून लेखी उत्तर घ्या. प्रवेशासाठी मुलांचे जन्मदाखले आणि लसीकरणाच्या नोंदी इंग्रजीत करून हातातल्या बॅगेत ठेवा. राहत्या पत्त्याचा पुरावा म्हणून लागणारा भाडेकरार मात्र तिथे पोचल्यावरच मिळेल.

घर विकत घेणार असाल तर जुनं टॅक्स बिल मागा. त्यात काउंटी, शाळा आणि नगरसंस्था यांचे वाटे वेगळे दिसतात, बहुतेकदा शाळेचा सर्वांत मोठा. पैसे मात्र एकाच ठिकाणी, टाउनशिपच्या टॅक्स कलेक्टरकडे भरायचे, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या 1 तारखेला.

लायसन्स काढायला राज्याच्या मोटर व्हेईकल कमिशनमध्ये जाल, तेव्हा मतदार नोंदणीबद्दल विचारलं तर स्पष्ट नकार द्या. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असताना ती नोंदणी झाली, तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात गंभीर अडचण येऊ शकते.