कन्नड वास्तुशांतीची पत्रिका: वर परंपरा, खाली पत्ता

बेळगावच्या कानडी शेजाऱ्यांची पत्रिका करताना पेच पडला: आजोबांना तिथी-नक्षत्र हवं, नातवंडांना वेळ आणि नकाशा. एकाच पानाचे दोन भाग केले.

१. वर 'श्री गणेशाय नमः', मग तिथीसह 'शुभ मुहूर्तदल्लि', आमंत्रणात 'सकुटुंब सपरिवार समेतरागि' आणि शेवटी 'सुखागमन बयसुववरु', म्हणजे आपलं आगमन इच्छिणारे, आणि त्याखाली घरच्यांची नावं. ही वाक्यं छोटी करू नका, वडीलधारी तीच शोधतात.

२. खाली ठळक आकड्यांत तारीख, पूजेची आणि जेवणाची वेळ वेगवेगळी, पत्ता, नकाशाचा क्यूआर कोड.

जुन्या नुडी या कन्नड फॉन्टमधला मजकूर डिझाइन ॲपमध्ये चिकटवला तर अक्षरांचा कचरा होतो. युनिकोडमध्येच टाइप करा आणि जोडाक्षरं कन्नड वाचणाऱ्याकडून तपासून घ्या.