किंमतभेदाचे उदाहरण आणि मागणीचे पूर्वानुमान : क्विझमध्ये दोन्ही एकत्र कसे हाताळावे

व्यवस्थापकीय अर्थशास्त्राच्या क्विझमध्ये किंमतभेद आणि मागणीचे पूर्वानुमान हे सहसा वेगवेगळ्या प्रकरणांतले प्रश्न म्हणून येतात, परंतु किंमतभेदाच्या गणितात दिलेली मागणीची समीकरणे कोठून तरी मिळवावी लागतात आणि ते काम पूर्वानुमानाचेच असते. म्हणून एकच उदाहरण घेऊन दोन्ही बाजू पाहू.

एका चित्रपटगृहाचे प्रेक्षक दोन गटांत मोडतात असे समजा. विद्यार्थी आणि इतर प्रेक्षक यांची आठवड्याची मागणी खाली दिली आहे. प्रत्येक जादा तिकिटामागे सीमांत खर्च २० रुपये आहे.

```
विद्यार्थी : Q1 = 400 - 2P1
इतर      : Q2 = 500 - P2
MC = 20
```

सर्वप्रथम किंमतभेद शक्य आहे का, हे तपासावे. विक्रेत्याकडे किमतीवर नियंत्रण हवे, दोन्ही गटांची लवचिकता वेगळी हवी आणि स्वस्त तिकीट घेऊन ते दुसऱ्या गटाला विकता येऊ नये. ही तिसरी अट येथे प्रवेशद्वारावर ओळखपत्र पाहून पाळली जाते. पर्यायी प्रश्नांत ‘दूरच्या गावी माल पोहोचवताना वाहतूक खर्चाएवढी जादा किंमत’ असे उदाहरण दिलेले असते. तो किंमतभेद नव्हे, कारण तेथे किमतीतील फरक खर्चातील फरकाएवढाच आहे.

त्यानंतर प्रत्येक समीकरण किमतीच्या रूपात मांडून सीमांत प्राप्ती काढावी आणि ती सीमांत खर्चाबरोबर ठेवावी.

```
P1 = 200 - Q1/2 ;  MR1 = 200 - Q1 = 20   ->  Q1 = 180, P1 = 110
P2 = 500 - Q2   ;  MR2 = 500 - 2Q2 = 20  ->  Q2 = 240, P2 = 260
```

स्थिर खर्च वगळता विद्यार्थ्यांकडून १६,२०० आणि इतरांकडून ५७,६०० असा एकूण ७३,८०० रुपयांचा नफा होतो. उत्तराची पडताळणी लवचिकतेने करावी : विद्यार्थ्यांची लवचिकता सुमारे १.२२ आणि इतरांची सुमारे १.०८ येते, म्हणजे कमी लवचिक गटाला जास्त किंमत पडली आहे. याच्या उलट दिसले, तर गणितात कोठेतरी चूक झाली आहे असे निश्चित समजावे.

एकच किंमत ठेवली तर काय होईल, या पुढच्या प्रश्नात बरेच जण किमतींची समीकरणे एकमेकांत मिळवतात. मिळवायची असते ती एका किमतीला होणारी दोन्ही गटांची मागणी, म्हणून Q = 900 - 3P. यातून किंमत १६० रुपये, तिकिटे ४२० आणि नफा ५८,८०० रुपये मिळतो. मात्र हे समीकरण किंमत २०० रुपयांपेक्षा कमी असेपर्यंतच खरे आहे, कारण त्यापुढे विद्यार्थी येतच नाहीत. म्हणून फक्त इतरांना २६० रुपयांना विकून मिळणाऱ्या ५७,६०० रुपयांशी ताडून पाहणे आवश्यक आहे. येथे १६० रुपयेच सरस ठरतात. तिकिटांची एकूण संख्या दोन्ही व्यवस्थांत ४२० राहते आणि किंमतभेदामुळे नफा १५,००० रुपयांनी वाढतो.

आता 400 - 2P मधील २ हा आकडा कसा मिळाला, याचा विचार करू. चित्रपटगृह नवे असेल आणि मागील विक्रीच नसेल, तर सर्वेक्षणाला पर्याय नाही : नमुना पाहणी, विक्रेत्यांचा अंदाज किंवा तज्ज्ञांना फेरीफेरीने विचारण्याची डेल्फी पद्धत. डेल्फीत शेवटी मध्यगा काढली जाते, त्यामुळे ती सांख्यिकी वाटते. पण वर्गीकरण आकडेमोडीवरून नव्हे, माहितीच्या उगमावरून करावे. उगम मत किंवा इरादा असेल तर सर्वेक्षण. प्रत्यक्ष घडलेल्या व्यवहारांची नोंद असेल तर सांख्यिकी. कल प्रक्षेपण, चल सरासरी, प्रतिगमन आणि अग्रनिर्देशकांवर आधारलेली पद्धत दुसऱ्या बाजूला जातात.

किंमतभेदासाठी सर्वेक्षणाची एक मोठी मर्यादा आहे. सवलत आपल्या उत्तरावर अवलंबून आहे हे विद्यार्थ्याला कळले, की तो आपली देण्याची तयारी कमी सांगतो. शिवाय ‘येईन’ म्हणणारे सगळे येत नाहीत.

सांख्यिकी पद्धतीतही निवड महत्त्वाची आहे. कल प्रक्षेपण पुढील वर्षीची तिकिटे सांगेल, पण त्यात किंमत हे चलच नसल्याने त्यावरून दोन दर ठरवता येणार नाहीत. त्यासाठी गटनिहाय नोंदी आणि प्रतिगमन लागते. तेथेही धोका आहे : चित्रपटगृह सुट्टीच्या दिवशी, म्हणजे मागणी वाढलेली असतानाच, दर चढवत असेल, तर किमतीचा गुणांक धन येऊ शकतो. असा गुणांक दिसल्यास सुट्टीचा दिवस हे वेगळे चल समीकरणात घ्यावे आणि गुणांक पुन्हा काढावा. प्रश्नात किंमत वर्षभर स्थिर असल्याचे म्हटले असेल, तर त्या नोंदींतून किमतीचा परिणाम कोणत्याही प्रतिगमनाने काढता येत नाही आणि सर्वेक्षण किंवा बाजारातील प्रत्यक्ष प्रयोग हाच पर्याय निवडावा.