बाटली धुतली, पण झाकणाचं काय? ट्रेस ॲनालिसिसची भांडी धुताना या चुका टाळा

लॅबमध्ये नवीन पोरं आली की महिनाभरात एक दिवस येतोच. ब्लँकमध्ये, म्हणजे सॅम्पल नसलेल्या नुसत्या ॲसिडच्या पाण्यात, झिंक दिसतं, मग सगळे इन्स्ट्रुमेंटकडे संशयाने बघायला लागतात, कोण म्हणतं ॲसिडची बाटली खराब, कोण म्हणतं स्टँडर्ड जुना झालाय, कोण म्हणतं इन्स्ट्रुमेंटमधले कोन काढून साफ करा. भांडी कशी धुतली असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "धुतली ना, नीट धुतली." आणि झाकणं? मग शांतता.

आता इतक्या वेळा हे झालंय की एकदाच लिहून टाकते.

झाकण हा बाटलीचाच भाग आहे

माझी सगळ्यात नावडती चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलणार. एकदा आमच्याकडे ६० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा सेट होता, पाण्यातल्या धातूंसाठी. ब्लँकमध्ये झिंक कधी ०.२ पीपीबी, कधी थेट ३ च्या वर. सगळ्याच बाटल्या खराब असत्या तर ॲसिडवर किंवा पाण्यावर खापर फोडता आलं असतं, पण इथे चारातली एखादीच बाटली बिघडलेली, आणि प्रत्येक वेळी वेगळी! दोन दिवस आम्ही ॲसिड बदलत बसलो, ट्युबिंग बदललं, काही फरक नाही.

तिसऱ्या दिवशी एक साधी गोष्ट केली. बारा बाटल्यांमध्ये एकाच कॅनमधलं १ टक्का नायट्रिक ॲसिड भरलं, झाकणं घट्ट लावली, सहा सरळ उभ्या ठेवल्या आणि सहा उलट्या, झाकणावर. दोन दिवसांनी मोजलं. उभ्या सगळ्या ०.२ ते ०.३. उलट्यांमधल्या दोन ०.३, बाकीच्या चार १ ते ३.४. म्हणजे पाणी, ॲसिड, बाटली सगळे निर्दोष, चोर झाकणात.

एक झाकण घेऊन प्लास्टिकच्या चिमट्याने आतली चकती, म्हणजे लायनर, उचकटली तर तिच्या मागे ओलं. आठवडाभरापूर्वी धुतलेलं झाकण आणि आत अजून पाणी, हाताला बुळबुळीत लागणारं! झाकणं साबणाच्या पाण्यात टाकून नळाखाली धरलेली, साबणाचं पाणी लायनरच्या मागे शिरलं आणि तिथेच बसलं. ॲसिड बाथमध्ये झाकणं गेलीच नव्हती, कारण "झाकणाला सॅम्पल लागतं कुठे?"

आता हिशोब बघा. नळाची लाइन गॅल्व्हनाइज्ड असेल तर सकाळच्या पहिल्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम झिंक सहज असू शकतं. लायनरच्या मागे ०.२ मिलिलिटर पाणी अडकलं, म्हणजे चार थेंब, तर त्यात २०० नॅनोग्रॅम झिंक. ते ६० मिलिलिटरमध्ये मिसळलं की ३.३ पीपीबी. चार थेंबांचा खेळ. आमची खात्री कॅल्शियमने पटली. त्याच बाटल्यांमध्ये कॅल्शियमही चढलेलं होतं आणि कॅल्शियम-झिंकचं प्रमाण साधारण नळाच्या पाण्यातल्यासारखंच आलं. ही सवय मी तेव्हापासून लावून घेतली, ब्लँक बिघडला की एकट्या धातूकडे बघायचं नाही, त्याच्यासोबत आणखी कोण वर गेलंय ते बघायचं. कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत असतील तर नळ. सोडियम आणि फॉस्फरस असतील तर बहुतेक डिटर्जंट. बोरॉन आणि सिलिकॉन म्हणजे काच. एकटं झिंक असेल तर मी आधी रबराच्या गोष्टी शोधते, कारण रबर बनवताना त्यात झिंक ऑक्साइड घालतात, आणि मग ग्लोव्हज.

मग झाकणाचं करायचं काय? मी धातूंच्या कामाला लायनर नसलेली, एकाच प्लास्टिकची, बिनरंगाची झाकणं वापरते. रंगीत झाकण म्हणजे पिगमेंट, आणि पिगमेंटमध्ये कुठला धातू आहे हे सॅम्पल संपल्यावर कळण्यात काही मजा नाही. लायनर असलंच तर काढून वेगळं धुते, निघत नसेल तर ते झाकण धातूंच्या कामातून बाद. झाकणं बाथमध्ये तोंड वर करून टाकायची, पालथी टाकली की आत हवेचा बुडबुडा धरून बसतात आणि ॲसिड आत पोचतच नाही. बाथमध्ये टाकून हलवायची, बुडबुडा गेला का ते डोळ्यांनी बघायचं. आट्यांमध्ये नखं घालायची नाहीत.

जास्त साबण, जास्त स्वच्छ? नाही.

दुसरी चूक म्हणजे डिटर्जंट ओतणं. बाटलीत थेट घट्ट लिक्विड ओतून ब्रश फिरवायचा, आणि मग फेस जाईपर्यंत नळाखाली धरायचं. फेस गेला म्हणजे साबण गेला असं नसतं, सरफॅक्टंट भिंतीला चिकटून बसतं, विशेषतः प्लास्टिकला. मी डिटर्जंट १ टक्क्याच्या आसपास पातळ करते, फॉस्फेट नसलेलं घेते, दहा मिनिटं भिजवते, मऊ प्लास्टिकचा ब्रश. तारेचा ब्रश धातूंच्या कामाच्या भांड्याला लावलेला दिसला तर मी काही बोलत नाही, फक्त ब्रश कचऱ्यात टाकते.

आणि साबणाचं भांडं वाळू द्यायचं नाही, जेवायला जायचं असेल तर पाण्यात बुडवून जा.

खळबळण्यात लोक किती आळस करतात! एकदाच भरून ओतायचं, झालं. समजा बाटली ओतून रिकामी केल्यावर आत ०.५ मिलिलिटर राहतं. ६० मिलिलिटर पाणी एकदाच भरलं तर साबण सुमारे १२० पट पातळ होतो. तेच ६० मिलिलिटर २०-२० करून तीनदा वापरलं तर दर वेळी ४१ पट, म्हणजे एकूण जवळपास ६९ हजार पट. पाणी तेवढंच! अर्थात हा कागदावरचा हिशोब, भिंतीला चिकटलेलं आणि आट्यांमध्ये अडकलेलं इतक्या सहज सुटत नाही, म्हणून झाकण लावून जोरात हलवायचं, मग झाकण काढून त्याच्या आट्या वेगळ्या धुवायच्या. नळाचं पाणी फक्त फेस काढण्यापुरतं, त्यानंतर भांडं ओलं असतानाच तीनदा डिस्टिल्ड. नळाचं पाणी भांड्यात वाळलं की जे पांढरे ठिपके पडतात तेच तुमचं कॅल्शियम.

ॲसिड बाथ

मी व्हॉल्यूमने १० टक्के ठेवते. आधी ९०० मिलिलिटर शुद्ध पाणी, मग त्यात १०० मिलिलिटर कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक, उलट नाही. फ्यूम हुडमध्ये, गॉगल आणि ग्लोव्हज घालून, झाकण असलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या टबमध्ये. वापरलेल्या बाटल्यांना किमान एक रात्र, नव्यांना दोन-तीन दिवस. नव्या बाटल्या पॅकेटातून आल्या म्हणजे स्वच्छ, हा एक गोड गैरसमज. मग १८.२ मेगाओमच्या पाण्याने तीनदा, झटकून, स्वच्छ हुडमध्ये पालथ्या. टिश्यूने पुसायचं नाही, ओव्हनमध्ये घालायचं नाही, कॉम्प्रेस्ड एअर तर मुळीच नाही, त्यात तेल असतं. फारच घाई असेल तर वाळवूच नका, १ टक्का ॲसिड भरून झाकण लावून झिपलॉकमध्ये ठेवा.

बाथ कायमचा नसतो. मागच्या वर्षीचा बाथ म्हणजे मागच्या वर्षीच्या सगळ्या घाणीचं सूप. मी महिन्यातून एकदा त्यातला थोडा काढून पातळ करून मोजते, धातू वाढलेले दिसले की बदलते.

क्रोमिक ॲसिडने काच चकाचक होते, मान्य, पण क्रोमियम काचेला चिकटून राहतं, ते पुढे सॅम्पलमध्ये उतरतं, आणि वर ते विषारी. धातूंच्या लॅबमध्ये ते नकोच.

ऑरगॅनिकवाल्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं उचलू नये

धातूंना प्लास्टिक चालतं, ऑरगॅनिकला प्लास्टिक नको, इतकं साधं आहे, आणि तरी एका पोराने हेक्सेनने व्हायल धुऊन मला क्रोमॅटोग्राम दाखवला तर त्यात m/z १४९ चा मोठ्ठा पीक. १४९ म्हणजे थॅलेट, प्लास्टिक मऊ करायला घालतात ते. व्हायल काचेची, सॉल्व्हंट चांगल्या ग्रेडचं, मग आलं कुठून? त्याने हेक्सेन मऊ प्लास्टिकच्या वॉश बॉटलमध्ये भरलं होतं! शेल्फवर आठवडाभर पडलेलं, त्याच्या नळीतून, झाकणातून सगळं सॉल्व्हंटमध्ये उतरलेलं. म्हणजे तो भांडं धूत नव्हता, रंगवत होता. काचेची वॉश बॉटल किंवा टेफ्लॉनची घ्या.

माझी पद्धत अशी: डिटर्जंट, पाणी, डिस्टिल्ड, मग ॲसिटोन, मग हेक्सेन किंवा ज्या सॉल्व्हंटने काम करणार ते. साधी काच असेल तर त्यानंतर सॉल्व्हंट हुडमध्ये पूर्ण उडू द्यायचं, तोंडाला फॉइल लावायची आणि मफल फर्नेसमध्ये ४५० डिग्रीला चार तास. साबण पूर्ण जायच्या आधी भाजलं तर त्यातलं क्षार काचेवर पक्कं बसतं. व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्क भाजायचा नाही, त्याची खूण खोटी होते. झाकणं भाजायची नाहीत, सेप्टा तर नाहीच (हो, हे लिहावं लागतंय, फर्नेसमधून वितळलेलं झाकण मी खरवडलेलं आहे). टेफ्लॉनचा चेहरा आत असलेला सेप्टा घ्यायचा, आणि सुई एकदा टोचली की तो संपला, कारण भोकातून सॉल्व्हंट मागच्या सिलिकोनला लागतं आणि m/z ७३, २०७, २८१ चे पीक यायला लागतात. ते कॉलम ब्लीडसारखे दिसतात, म्हणून माणूस कॉलम बदलतो. ओळखायचं असं: नवीन व्हायल, नवीन सेप्टा, तेच सॉल्व्हंट, एकदाच टोचलेलं इंजेक्शन. पीक गेले की कॉलम निर्दोष.

आणखी एक. ॲसिटोनने धुतलेलं ओलं भांडं थेट नायट्रिकच्या बाथमध्ये टाकू नका, दोघांचा कचरा एका कॅनमध्ये तर कधीच नको. हा कंटॅमिनेशनचा मुद्दा नाही, स्फोटाचा आहे. मध्ये भरपूर पाणी, आणि मग बाथ.

धुतलेल्या प्रत्येक बॅचमधून मी तीन बाटल्या बाजूला काढते, १ टक्का ॲसिड भरून उलट्या ठेवते आणि सॅम्पल घेण्याआधी त्यांचाच ब्लँक मोजते. तिन्ही जुळल्या तर बॅच पास, एक जरी वेडी निघाली तर अख्खी बॅच परत बाथमध्ये, झाकणांसकट.