भाषणाचा पेपर करताना या चुका टाळा: आधी संदर्भ, मग भाषा

कॉन्फरन्समध्ये वीस मिनिटं बोललो की हातात साधारण अडीच हजार शब्दांची स्क्रिप्ट असते आणि वाटतं, यातले 'आता बघा', 'म्हणजे काय तर' काढून टाकले की पेपर तयार. मीही तसंच केलं होतं, फिर्याद या शब्दाचा कोर्टकचेरीतला अर्थ कसा पक्का होत गेला यावर बोललो होतो आणि घरी येऊन पहिल्याच संध्याकाळी सगळी बोली भाषा साफ केली. चूक नेमकी तिथेच झाली.

कारण बोलताना आपण संदर्भ देत नाही, संदर्भाची खूण देतो. 'मघाशी दाखवलं तसं', 'मोल्सवर्थमध्ये आहेच', 'हे तर सगळ्यांना माहीत आहे', अशी वाक्यं म्हणजे खाली तळटीप हवी असं सांगणारे खिळे असतात, ते आधी उपटले की भोक पण दिसत नाही, वाक्य इतकं गुळगुळीत होतं की आपल्यालाच वाटतं हे आपलंच म्हणणं आहे. म्हणून क्रम उलटा ठेवा. स्क्रिप्टची प्रिंट काढा, अशा प्रत्येक खुणेखाली रेघ मारा, समासात पुस्तक, आवृत्ती, पान लिहा, आणि ते लिहून होईपर्यंत 'मघाशी'ला हात लावू नका.

आता माझंच वाक्य घ्या. स्क्रिप्टमध्ये होतं: 'आता बघा, मोल्सवर्थ काय म्हणतो, अठराशे एकतीसमध्येच हा अर्थ आलेला आहे, स्लाइडवर दिसतोच आहे.' साफ केल्यावर झालं: 'मोल्सवर्थच्या कोशात (1831) हा अर्थ नोंदलेला आहे.' दिसायला एकदम व्यवस्थित. पण स्लाइडवरचा स्क्रीनशॉट मी शिकागो विद्यापीठाच्या ऑनलाइन कोशातून घेतला होता आणि तिथे आहे ती 1857 ची दुसरी, सुधारून वाढवलेली आवृत्ती. 1831 हे साल पहिल्या आवृत्तीचं, ते डोक्यात बसलेलं म्हणून तोंडातून गेलं. रिव्ह्यूअरने पानाचा नंबर विचारला तेव्हा हे उघडं पडलं. आणि फरक किरकोळ नव्हता, 1818 मध्ये पेशवाई गेल्यावर कंपनीची कोर्टं आली, माझा सगळा मुद्दा त्यानंतरच्या बदलाचा, तिथे 26 वर्षं इकडची तिकडे झाली तर युक्तिवादच हलतो.

असं झालंय का हे ओळखायची खूण सोपी आहे: साल लिहिलंय पण पान लिहिता येत नाही, म्हणजे ते आठवणीतून आलंय. मुखपृष्ठाच्या आतलं पान उघडून साल बघा. पहिली आवृत्ती मिळालीच नाही तर वाक्य बदला, '1857 च्या आवृत्तीत हा अर्थ आहे' एवढंच म्हणा, 'तेव्हापासून' म्हणू नका. आणि पहिल्या आवृत्तीतली नोंद दुसऱ्या कुणाच्या लेखात वाचली असेल तर त्या लेखाचा संदर्भ द्या, 'तिथे उद्धृत' असं स्पष्ट लिहून.

दुसरी चूक जास्त घातक, कारण ती सुधारणेसारखी दिसते. 'मला वाटतं', 'बहुतेक', 'असं म्हणता येईल' हे सगळं बोलण्यातलं लाजणं समजून काढलं जातं. मी बोललो होतो, 'मला वाटतं कोर्टातला अर्थ बहुतेक इंग्रजी अमलात घट्ट झाला.' साफ केल्यावर उरलं, 'कोर्टातला अर्थ इंग्रजी अमलात घट्ट झाला.' पुरावा तेवढाच, पण दावा दुप्पट! इथे 'मला वाटतं' काढा पण शंका ठेवा: 'घट्ट झाला असावा', आणि पुढच्याच वाक्यात असं का वाटतं ते सांगा. याउलट तोच शब्द फारसीतून आला हे म्हणताना शंका ठेवायची गरज नव्हती, कोशात नोंदीपुढे कंसात P आहे, तिथे सरळ विधान आणि संदर्भ. म्हणजे प्रत्येक 'बहुतेक' वेगळा तपासायचा, फाइंड-रिप्लेसने एका झटक्यात उडवायचा नाही.

अवतरणांचंही बघा. स्टेजवर वेळ नसतो म्हणून आपण इंग्रजी व्याख्या अर्धी वाचतो, मराठीत सांगतो आणि पुढे जातो, स्क्रिप्टमध्येही तेच असतं. ते अवतरणचिन्हात टाकलं की कोशकाराच्या तोंडी आपले शब्द घातले असं होतं. मूळ ओळ समोर ठेवून अक्षरशः उतरवा, गाळलेल्या जागी तीन टिंबं द्या, भाषांतर आपलं असेल तर तसं लिहा.

प्रश्नोत्तरात कुणी चांगला मुद्दा सुचवला असेल तर तोही 'असंही म्हणता येईल' म्हणून गुपचूप पेपरात शिरतो. त्या व्यक्तीला मेल करून विचारा आणि तळटीपेत नावानिशी श्रेय द्या.

हे सगळं झाल्यावर मग भाषा. फाइलमध्ये 'बघा', 'मघाशी', 'इथे', 'आपण' शोधा. 'इथे दिसतंय'चं 'आकृती 2 मध्ये' होतं, 'मघाशी'चं विभागाच्या नंबरात, आणि एखादी खूण अजूनही समासात रिकामी राहिली असेल तर ते वाक्य पेपरातून काढा, ते ऐकायला कितीही छान वाटलेलं असो.